गोधडीला बांधलेल्या चार ओळी

भाचा-सून मेलबर्नला बिऱ्हाड थाटायला निघाले, की घरात भेटीची टोपली भरू लागते आणि कुणीतरी म्हणतं, ‘तू लिहितोस ना, मग दे चार ओळी.’ अशा वेळी अष्टाक्षरी हाताशी असलेली बरी. चार ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरं, दुसरीचं चौथीशी यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. बोटांवर मोजता येतं.

पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचं हेच येतं: ‘सात समुद्रांच्या पार, तुम्ही मांडणार संसार’. दुसऱ्या ओळीत नऊ अक्षरं भरतात. ‘मांडाल’ केलं की आठ होतात, पण खरी अडचण मोजणीची नाही. या ओळी कुठल्याही जोडप्याला, कुठल्याही टोपलीत चालतील. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ, माहेर, गावची वाट असं नावानिशी येतं. तसं आपण टोपलीतल्या वस्तूलाच धरावं. मिसळणाचा डबा असेल तर:

सात वाट्या, एक डबा,
जिरे-मोहरीचा थाट;
अलार्मही वाजो थोडा,
शेजारीही पाहो वाट!

तिकडच्या फ्लॅटमध्ये खमंग फोडणीने धुराचा अलार्म बोंबलतो, हे तिथे राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ‘अलार्म’ शब्द कवितेत खुपतो म्हणणारे भेटतील. मला तो हवा होता. घरच्या जुन्या गोधडीसाठी मात्र आवाज खाली आणला:

आईच्या जुन्या साडीची
दोघांपुरती गोधडी;
भांडलात तरी रात्री
ओढा दोघांनी ती थोडी.

‘आम्हाला विसरू नका’ आणि ‘लवकर गोड बातमी द्या’ हे दोन्ही टाळावं. पहिल्याने विमानातच अपराधी वाटतं. दुसरं वाचून सून कागद घडी घालून ठेवते, तो पुन्हा उघडत नाही.

आता कागद कशाला बांधायचा? ऑस्ट्रेलियात उतरताना सोबतचे खाद्यपदार्थ, बिया, लाकडी आणि वनस्पतीपासून केलेल्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. लपवल्यास दंड होतो, आणि जाहीर करूनही एखादी वस्तू काढून घेतली जाऊ शकते. मेतकुटाच्या पुडीला कविता बांधली आणि पुडी कचऱ्यात गेली, तर कविताही तिच्यामागे गेली. म्हणून खाऊला फक्त नाव-यादी चिकटवावी आणि ओळी डब्याला, गोधडीला द्याव्यात. वेताची टोपली आणि आतलं वाळलं गवतही नकोच. ते जिन्नस साध्या कापडी पिशवीत बसतात.

डब्याचा कागद झाकणाच्या आत चिकटवू नये, हळद लागते आणि वाफेने शाई पसरते. जाड कार्डावर बॉलपेनने लिहून, भोक पाडून, दोऱ्याने कडीला बांधावं. गोधडीचं कार्ड एका टाक्याने कोपऱ्याला अडकवावं, म्हणजे धुण्याआधी सहज उसवता येतं.