फोटोतली गाडी किती खरी?

जुन्या मोटारसायकलच्या जाहिरातींतले फोटो पारखताना देखणेपणाला गुण देऊ नयेत. सगळ्यात खाली ठेवावा तो नुकत्याच धुतलेल्या, ओल्या गाडीचा फोटो; पाण्याच्या थराखाली बारीक ओरखडे आणि विटलेला रंग दिसतच नाही. त्याच्या वर कोरड्या गाडीचा, पण लांबून एकाच बाजूने काढलेला फोटो. पहिला नंबर दिवसाउजेडी जवळून काढलेल्या फोटोंचा: सायलेन्सरची खालची बाजू, फूटरेस्टचं रबर, पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्या. सायलेन्सरवरचा वरवरचा गंज चालून जातो. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर ऑइल सील फाटून तेल गळू लागतं. मीटरवर ८,००० किलोमीटर आणि रबर झिजून गुळगुळीत, असं दिसलं तर विश्वास रबरावर ठेवावा. इंजिनाचा आवाज मात्र प्रत्यक्षच ऐकावा लागतो.