तंबूची चेन लावून स्टोव्ह पेटवू नका

२५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती दहनाच्या स्मृतीला अभिवादन करायला वस्तीतून दरवर्षी टेम्पो जातो. मागच्या खेपेला पाच मुलं-मुली तिथूनच रायगड चढायची म्हणून पाचाडला तंबू ठोकून राहिली. आम्ही बायका शेजारीच टेम्पोत झोपलो होतो. रात्री गार वारा सुटला, तशी मुलांनी गॅसच्या छोट्या डब्यावर बसणारा स्टोव्ह तंबूत घेतला आणि चेन लावून टाकली. आधी खिचडी केली, मग उद्याचं पिण्याचं पाणी उकळायला ठेवलं. तीन लिटरचं पातेलं, तेही दोनदा. स्टोव्ह तासभर तरी जळत राहिला.

थोड्या वेळाने एका मुलीचं डोकं दुखू लागलं, दुसऱ्याला मळमळलं. खिचडी बाधली, असं सगळ्यांना वाटलं. एक मुलगा लघवीला उठला आणि पाय लटपटून दारातच बसला. त्याचा आवाज ऐकून आम्ही गेलो. पाचही जणांचं डोकं एकाच वेळी दुखत होतं आणि ताप कुणालाच नव्हता. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. स्टोव्ह बंद केला, सगळ्यांना ओढून मोकळ्या हवेत आणलं आणि १०८ला फोन लावला. बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तिघांना हलकं वाटू लागलं. पोट बिघडलेल्या माणसाला नुसत्या हवेने असा आराम पडत नाही.

हा कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम होता. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. ज्योत निळी आहे म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. गार पाण्याच्या मोठ्या पातेल्याच्या बुडाला ज्योत टेकली की ती थंड पडते आणि गॅस अर्धवट जळतो. तंबूतली हवा संपत आली की आणखी अर्धवट जळतो. ज्योत पिवळी, पातेल्याला काजळी, हे तर उघडच वाईट लक्षण. टेम्पोच्या बंद हौद्यात किंवा गाडीत काच खाली करून चहा ठेवला तरी भरवसा नाही. शेगडीतल्या कोळशाचं तर नावच नको.

गाडीत एका काकांनी मुलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८ आला, तसे ते निश्चिंत झाले. आम्ही त्यांना थांबवलं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनचंच वाटतं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर “बंद तंबूत स्टोव्ह चालू होता” हे पहिलं वाक्य सांगावं. साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. गरोदर बाई असेल तर तिला बरं वाटत असलं तरी न्यायलाच हवं, कारण पोटातल्या बाळाला जास्त धोका असतो.

आगीचा धोका वेगळाच. नायलॉनचा तंबू पेटतो तसा वितळतोही, आणि वितळलेले थेंब कातडीला चिकटतात. ते ओढून काढू नका, त्यावर वीस मिनिटं साधं गार पाणी ओता. गॅसचा डबा बदलायचा तोही बाहेर, जवळपास काही पेटलेलं नसताना.

खरं तर स्टोव्ह एवढा वेळ जळला तो पाण्यापायी. खिचडी अर्ध्या तासात झाली होती. पाण्यासाठी क्लोरीनची गोळी नेली असती तर निम्मी ज्योत वाचली असती. पाणी आधी चौपदरी स्वच्छ फडक्यातून गाळायचं, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतं. मग पाकिटावर जितक्या लिटरला सांगितली असेल तितक्याच पाण्यात गोळी टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. पाणी फार गार असेल तर तासभर. शेवटी क्लोरीनचा किंचित वास यायला हवा; नसेल तर पुन्हा तेवढीच मात्रा आणि पुन्हा तेवढाच वेळ. काही चिवट जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून गुरं उतरतात त्या टाक्याचं पाणी उकळलेलंच बरं. मोठे बुडबुडे आल्यावर एक मिनिट पुरतं, पण ते उकळायचं तंबूबाहेर, दगडांचा आडोसा करून. वाऱ्याने वेळ लागतो, लागू द्या.

दारात बसलेल्या त्या मुलाला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्याच्या आईला आम्ही सांगून ठेवलंय, पुढच्या महिनाभरात तो विसरायला लागला, चिडचिडा झाला किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर त्या रात्रीचे कागद घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं.