भजीची पोस्ट कधी पाठवायची?

समजा, पुण्यात कोथरूडला चहा, वडापाव आणि भजीचं छोटं दुकान आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर निरोप जातात. मालकाने तीन पोस्ट आधीच लिहून ठेवल्या आहेत: पावसाची कांदाभजीची, कडक उन्हातली ताक-कोकम सरबताची आणि एरवीची साधी. दुपारी एक छोटा प्रोग्रॅम हवामानाचा अंदाज वाचतो आणि तिन्हींतली एक पाठवतो. माणूस गल्ल्यावर असतो, निवड अंदाज करतो. अशी सोय आता फार खर्चिक राहिलेली नाही, पण ती नीट चालते की नाही हे नियम कसा लिहिला यावर ठरतं.

अंदाज मिळतो कुठून? ओपन-मीटिओसारख्या सेवा अक्षांश-रेखांश दिले की तासातासाचे आकडे देतात (धंद्यासाठी त्यांची पैसे भरून घ्यायची योजना आहे). विचारणा साधारण अशी असते:

```
hourly=precipitation_probability,precipitation
&timezone=Asia/Kolkata
```

दुसरी ओळ विसरली तर वेळ ग्रिनिचची येते. मग संध्याकाळी पाचचा म्हणून वाचलेला आकडा प्रत्यक्षात रात्री साडेदहाचा निघतो. पोस्ट रोज सुटते, प्रोग्रॅम कुठेच अडत नाही, फक्त पावसाशी तिचा मेळ बसत नाही. म्हणून पहिले काही दिवस अंदाजातली वेळ आणि खिडकीबाहेरचा पाऊस ताडून पाहायलाच हवा.

पहिल्या ओळीतल्या दोन आकड्यांपैकी पहिला म्हणजे पावसाची शक्यता. तिथे बरेच जण फसतात. तासाभरात ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी पडलं तरी तिथे तो पाऊसच धरतात. म्हणजे ८० टक्के शक्यता ही नुसत्या भुरभुरीचीही असू शकते, आणि भुरभुरीत कुणी भजीसाठी वाट वाकडी करत नाही. म्हणून नियमात दुसरा आकडा, पावसाचं प्रमाणही लागतं: पाच ते सातच्या दरम्यान एखाद्या तासात निदान १ मिलिमीटर.

मग शक्यता किती असली की हलायचं? अर्धी, असं पटकन तोंडात येतं. खरं उत्तर दुकानाच्या हिशेबात असतं. बेसन, कांदा, तेल धरून भजीची जादा तयारी ४०० रुपयांची आहे आणि पाऊस आला तर तीच तयारी १००० रुपये मिळवून देते असं धरू. चिरलेला कांदा दुसऱ्या दिवशी चालत नाही, म्हणून पाऊस हुकला की ४०० गेले. ४०० भागिले १०००, म्हणजे शक्यता ४० टक्क्यांच्या वर गेली की तयारी परवडते. समोसे उद्याही विकता येत असतील तर हीच रेषा खाली येईल.

स्वयंपाकघराची आणि पोस्टची रेषा मात्र मी एक ठेवणार नाही. वाया गेलेला कांदा मालकाच्या खिशातून जातो. रखरखीत उन्हात आलेला ‘पावसाळी भजी’चा निरोप गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो, आणि दोन-तीनदा असं झालं की तो दुकानाचा नंबर म्यूट करतो. म्हणून पोस्टसाठी ६० टक्के. जूनमधल्या एखाद्या दिवशी बारा वाजता अंदाज ५० टक्के सांगतो: कांदा चिरायला घ्या. साडेतीनला तो ६५ टक्के आणि १.८ मिलिमीटर होतो: पोस्ट जाते. तो ४५ वर घसरला असता तर साधी पोस्ट गेली असती आणि भजी समोर आलेल्या गिऱ्हाइकांना विकावी लागली असती.

पोस्टची भाषाही या अनिश्चिततेला धरून हवी. वळवाचा पाऊस कोथरूडला झोडपतो आणि हडपसर कोरडं ठेवतो. अंदाजाची चौकट मात्र बहुतेकदा कित्येक किलोमीटरांची असते. ‘बाहेर धो धो पाऊस पडतोय’ असं आधी लिहून ठेवलेलं वाक्य अर्ध्या गिऱ्हाइकांना खोटं वाटेल. ‘पाच वाजल्यापासून गरम भजी, पाऊस आला तर आडोसाही आहे’ हे दोन्हीकडे खरं राहतं.

जुलैत वेगळीच अडचण येते. रोजच पाऊस, म्हणून रोज तीच पोस्ट. नियमात भर घालावी लागते: आधीचे दोन दिवस कोरडे गेले असतील तरच भजीची पोस्ट, नाहीतर साधी. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर काहीच पाठवायचं नाही. रस्त्यावर पाणी भरलेलं असताना घरपोच भजीची जाहिरात म्हणजे पोरांना गाडी घेऊन त्या पाण्यात पाठवणं.

सगळ्यात अवघड बिघाड गुपचूप होतो. सेवा बंद पडली, आकडा रिकामा आला आणि प्रोग्रॅमने रिकाम्याचा अर्थ शून्य घेतला, तर भर पावसात सरबताची पोस्ट जाते. रिकामा आकडा आला की साधी पोस्ट जावी आणि मालकाच्या फोनवर तसा निरोप यावा, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवायचं. सोबत एक वही ठेवावी: तारीख, साडेतीनचा अंदाज, संध्याकाळी खरोखर पाऊस पडला का आणि भजीच्या किती प्लेट गेल्या. ६० टक्क्यांच्या आसपासच्या दिवसांपैकी पाऊस दहातून तीनदाच पडत असेल, तर त्या जागेसाठी तो अंदाज फुगवून बोलतोय. मग पोस्टची रेषा ७५ वर न्यायची.