आधी आकडे, मग अक्षरं

दम्माम, शुक्रवार

आज सुट्टी. कॅम्पमध्ये बसून धाकट्यासाठी लिहून ठेवतोय. त्याचाही व्हिसा लागला की तो इकडेच येणार. अरबी अक्षरं शिकायला वेळ लागेल, पण आकडे दोन-तीन संध्याकाळींत येतात आणि पैशाचं सगळं आकड्यांतच असतं.

मोठ्या दुकानांत आपले नेहमीचे इंग्रजी आकडे असतात. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, हाताने लिहिलेल्या पावतीवर आणि कागदपत्रांवर मात्र अरबी. एक म्हणजे उभी काडी. आपलं शून्य दिसतं ना, गोल, तो इथे पाच. शून्य म्हणजे नुसतं टिंब. काडीच्या डोक्याला एक दात असला तर दोन, दोन दात असले तर तीन. सहा दिसतो इंग्रजी साताएवढा हुबेहूब. सात वर तोंड करून, आठ खाली तोंड करून. नऊ ओळखीचाच.

अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडा आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा. तारीख मात्र उलटी: दिवस उजव्या टोकाला, वर्ष डाव्या. लबानच्या बाटलीवर डावीकडून 2025/5/3 असं असेल तर ती 3 मे. वर्ष कुठल्या टोकाला आहे ते आधी बघायचं, म्हणजे दिवस कुठला, महिना कुठला ते कळतं. इंग्रजीत छापलेल्या मालावर वर्ष उजवीकडे असतं, तिथे आपली नेहमीची पद्धत.

खरी काळजी करारपत्राची. सौदीच्या कामगार कायद्यात अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. सोबतच्या इंग्रजी प्रतीत वेगळं असलं तरी अरबीतलंच चालतं. पगार 1500 रियाल म्हणजे काडी, गोल, टिंब, टिंब. झेरॉक्स फिकी आली आणि शेवटचं टिंब उडालं की ते 150 दिसतात. कागदावर डाग पडला तर 15000. म्हणून आकड्याशेजारी शब्दांत लिहिलेली रक्कम बघायचीच.

ती मी महाडच्या चाचांकडून वाचून घेतली. लहानपणी मदरशात शिकल्यामुळे त्यांना अक्षरं लावता येतात. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांनाही येत नाही, पण रकमेचे शब्द पाठ आहेत: ‘अल्फ’ म्हणजे हजार, ‘खम्समिया’ म्हणजे पाचशे. दोन्ही सापडले, बोट ठेवून दाखवले. आकड्याशी जुळले.

एक सांभाळायचं. उर्दू शिकलेला सोबती आकडे वाचून देत असेल तर चार आणि सहा त्याला पुन्हा विचारायचे. उर्दूत त्यांचं वळण वेगळं आहे. अरबी चार उलट्या फिरवलेल्या इंग्रजी तिनासारखा असतो. पगाराच्या पावतीवर जादा तासांची रक्कम असते, तिथे हे दोन आकडे मी आधी तपासतो.