थकबाकी नेमकी कशावर?

गृहकर्जाचं मंजुरीपत्र हातात आलं की बहुतेकांचे डोळे तीन आकडे शोधतात: कर्ज किती, हप्ता किती आणि वर्षं किती. उरलेली सात-आठ पानं इंग्रजीत आणि बारीक टायपात असतात. तिथे ‘इथे सही, इथे सही’ एवढंच ऐकू येतं. काही संस्था आता मराठी प्रतही देतात. पण ती पुष्कळदा अशा मराठीत असते की वाचून झाल्यावर माणूस पुन्हा मुलीलाच विचारतो, ‘म्हणजे काय गं?’

या कागदांचं मराठी करताना खरी मेहनत व्याज आणि दंड या दोनच ठिकाणी लागते. एक उदाहरण घेऊ. कर्ज २५ लाख रुपये, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो २२,४९३ रुपये.

परतफेडीचा तक्ता म्हणजे २४० ओळींचं कोष्टक. पहिली ओळ मराठीत नीट मांडली, तर निम्मं काम झालं. पहिल्या हप्त्यातले १८,७५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ३,७४३ रुपये. पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या २४,९६,२५७ रुपयांवर, म्हणून ते थोडं कमी. मंजुरीपत्रातल्या ‘मंथली रेस्ट’चा अर्थ एवढाच, की दर महिन्याला जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज. त्याचं ‘मासिक विश्राम’ असं केलेलं भाषांतर माझ्या पाहण्यात आलं आहे. ते वाचून कुणाला काय कळणार? वर्षभर हप्ते भरले की एकूण २,६९,९१६ रुपये जातात आणि मुद्दल कमी होतं जेमतेम ४६,८०० रुपयांनी. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा होतो तो थेट तेराव्या वर्षी. पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरून ‘अजून एवढं कर्ज कसं?’ म्हणून शाखेत जाऊन भांडणाऱ्यांना हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून तक्त्याच्या मराठी प्रतीत रकान्यांची नावं साधी हवीत: महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक कर्ज, हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, शेवटी शिल्लक कर्ज.

आता बदलत्या व्याजदराचं कलम. त्यात लिहिलेलं असतं की दर बदलल्यास संस्था हप्ता किंवा मुदत यांत फेरबदल करू शकेल. मराठीत हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र मुकाट्याने लांबली. आपल्या उदाहरणात एक वर्षानंतर दर ९ वरून ९.५ टक्के झाला असं धरू. हप्ता तोच ठेवला तर उरलेले २२८ हप्ते २५३ होतात. म्हणजे दोन वर्षं जास्त आणि खिशातून सुमारे साडेपाच लाख रुपये जास्त. मुदत तीच ठेवली तर हप्ता २३,२७७ रुपये होतो. महिन्याला ७८४ रुपये वाढतात, पण शेवटपर्यंत एकूण जास्तीचे जातात १ लाख ८० हजारांच्या आसपास. हा फरक फक्त कोणता पर्याय निवडला यातला आहे, आणि निवड कर्जदाराची असायला हवी. ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने संस्थांना तसं बजावलं आहे: दर बदलल्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर होणारा परिणाम कळवा, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हा पर्याय द्या. चांगल्या मराठी प्रतीत या कलमाखाली अर्ध्या टक्क्याच्या वाढीचं असं एक उदाहरण हवंच. नुसतं वाक्य मराठीत आणून भागत नाही.

दंडाच्या कलमात तर एका शब्दाने घोटाळा होतो. इंग्रजी कागदात ‘ओव्हरड्यू’ आणि ‘आउटस्टँडिंग’ हे दोन वेगळे शब्द असतात: पहिला मुदत टळलेल्या हप्त्यासाठी, दुसरा फेडायच्या राहिलेल्या सगळ्या कर्जासाठी. मराठी करताना दोन्हीकडे सर्रास ‘थकबाकी’ लिहिलं जातं. समजा, कलम आहे ‘थकबाकीवर दरमहा २ टक्के’. एक हप्ता महिनाभर चुकला, तर चुकलेल्या हप्त्यावर दंड होतो साधारण ४५० रुपये. ‘थकबाकी’ म्हणजे सगळं शिल्लक कर्ज असं वाचलं, तर तोच दंड ४९ हजार होतो. एकजण घाबरून सावकाराकडे धाव घेईल. दुसरा ‘दोन टक्के म्हणजे वर्षाचे असतील’ असं समजून निर्धास्त राहील, आणि प्रत्यक्षात ते वर्षाचे २४ टक्के निघतील. म्हणून ‘मुदत टळलेला हप्ता’ आणि ‘शिल्लक कर्ज’ असे दोन वेगळे शब्द ठरवावेत, शेवटपर्यंत तेच वापरावेत, आणि प्रत्येक टक्क्यापुढे ‘महिन्याला’ की ‘वर्षाला’ हे अक्षरी लिहावं.

‘दंडव्याज’ हा शब्दही आता जपून वापरायला हवा. पूर्वी संस्था व्याजदरातच दंड मिसळायच्या, आणि तो मुद्दलात जाऊन त्यावर पुन्हा व्याज चढायचं. नव्या कर्जांसाठी १ एप्रिल २०२४ पासून हे बंद आहे. हप्ता चुकला तर वेगळं दंडशुल्क लावता येतं, पण त्या शुल्कावर व्याज आकारता येत नाही. चुकलेल्या हप्त्यावरचं नेहमीचं व्याज मात्र चालू राहतं, आणि खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत गेला तर त्याचं शुल्क वेगळं. ते कर्ज देणारी संस्था लावतेच, बहुधा बचत खात्याची बँकही लावते. जुन्या मराठी नमुन्यात ‘दंडव्याज’ तसंच राहून गेलेलं दिसलं, तर मूळ इंग्रजी कलम काढून पाहावं. नुसता शब्द जुना आहे की वसुलीच जुन्या पद्धतीने चालली आहे, हे तिथे कळतं.

भाषांतर करणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावं. मूळ आणि मराठी शेजारीशेजारी, कलमांचे क्रमांक तेच, आणि रकमा मूळ पत्रात असतील तशाच. मोबाइलवर येणारा संदेश आणि तक्त्यातला आकडा कर्जदाराला एका नजरेत जुळवता आला पाहिजे. ‘संस्थेच्या मर्जीनुसार’ अशी कडक वाक्यंही मऊ करू नयेत. भाषांतरकाराला वाटतं आपण सोपं केलं, पण त्याने कर्जदाराचा इशाराच खोडलेला असतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना, म्हणजे गृहकर्जालाही, मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावं लागतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, असं रिझर्व्ह बँक सांगते. त्यात सगळी शुल्कं धरून वर्षाचा खरा दर आणि परतफेडीचा तक्ता असतो. त्यात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. हे विवरणपत्र किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहतं, म्हणजे घरी नेऊन वाचायला तेवढी सवड हक्काची आहे. मराठीत सही करणाऱ्याकडून बऱ्याचदा आणखी एका कागदावर सही घेतात: ‘मजकूर मला माझ्या भाषेत वाचून व समजावून सांगितला आहे.’ सांगितला नसेल तर त्या कागदावर सही करू नये. आणि मराठी प्रतीच्या तळाशी ‘तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ अशी ओळ असेल, तर दंडाचं आणि दर बदलाचं कलम तरी इंग्रजी जाणणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून, आकड्याला आकडा लावून ताडून घ्यावं.