हात वर जातो, पण टिकत नाही

गेल्या पावसाळ्यात अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई अंगणात पाय घसरून पडल्या. तोल सावरताना उजवा हात जमिनीवर टेकला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसलं, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन व्यायामासाठी माझ्याकडे पाठवलं. सहा आठवडे त्या नेमाने आल्या. दुखणं थोडं कमी झालं, पण केस विंचरायला हात डोक्यापर्यंत पोहोचेना आणि त्या कुशीवर झोप लागेना. मग मी डॉक्टरांना पत्र लिहायला बसले.

‘व्यायामाने फरक नाही, एमआरआय करावा’ एवढंच लिहिलं असतं, तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागलं नसतं. म्हणून मुख्य मजकूर असा होता:

‘मी हात धरून वर नेला तर तो जवळजवळ पूर्ण वर जातो. स्वतःहून मात्र त्या 70 अंशांपुढे नेऊ शकत नाहीत. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवला आणि सोडला, तर तो तिथे टिकत नाही, आत येतो. मान फिरवून दुखणं वाढत नाही, बोटांना मुंग्या नाहीत. खांद्याचा स्नायूबंध फाटला असल्याची शंका वाटते. सोनोग्राफी किंवा एमआरआय करता येईल का?’

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात मोलाचं. खांदा आखडला असता, ज्याला आपण ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतो, तर माझ्या हातानेही तो वर गेला नसता. इथे सांधा मोकळा आहे, ओढणारी दोरी मात्र कामाची राहिलेली नाही. तुटल्या दोरीला व्यायामाने पुन्हा हाडाशी जोडता येत नाही. आजूबाजूचे स्नायू बळकट करून काहींचं भागतं, एवढंच.

मग पहिल्याच दिवशी एमआरआय का नाही? साठीच्या आसपास अनेकांच्या खांद्यात असे फाटे असतात आणि त्यांना काहीच दुखत नाही. नुसत्या चित्रावरून उपचार ठरवले, तर नको ती शस्त्रक्रिया पदरी पडते. पण पडल्यानंतर अचानक हातातलं बळ गेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तुटलेलं टोक हळूहळू मागे सरकतं, स्नायूच्या जागी चरबी साठू लागते आणि मग टाका घालणं अवघड होतं. या बाईंच्या बाबतीत मी सहा आठवडे थांबायला नको होतं. तिसऱ्या आठवड्यातच लिहायला हवं होतं.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सोनोग्राफी करवली. हात वर उचलणारा स्नायूबंध पूर्ण फाटला होता. तो किती मागे सरकलाय, हे पाहण्यासाठी मग एमआरआय झाला आणि त्या चित्रांसह बाई अस्थिशल्यचिकित्सकांकडे गेल्या. जाताना त्यांनी माझ्या पत्राची प्रत मागून घेतली.