लॅपटॉप चोरीला गेला, पण किल्ली कुठे होती?

मे २००६ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका सरकारी कर्मचाऱ्याचं घर फुटलं. चोरांनी लॅपटॉप आणि सोबतची हार्ड डिस्क नेली. हा कर्मचारी माजी सैनिकांच्या कल्याण खात्यात होता आणि चोरीला गेलेल्या माहितीत सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक होते. त्यातलं काहीही एन्क्रिप्ट केलेलं नव्हतं. जूनच्या अखेरीस दोन्ही वस्तू परत मिळाल्या आणि माहिती कुणी उघडल्याच्या खुणा एफबीआयला सापडल्या नाहीत. तरीही २००९ मध्ये सरकारला २ कोटी डॉलर देऊन दावा मिटवावा लागला.

लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. हा पासवर्ड विंडोज विचारतं, डिस्क विचारत नाही. चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, तर विंडोजचा पासवर्ड मध्ये येतच नाही आणि फायली वाचता येतात.

हे बंद होतं फुल डिस्क एन्क्रिप्शनने. विंडोजमध्ये हे काम बिटलॉकर करतं. डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट लिहिण्याआधी एका गुप्त किल्लीने सांकेतिक रूपात बदलली जाते आणि वाचताना त्याच किल्लीने पूर्ववत होते. काढून नेलेल्या डिस्कवर चोराला निव्वळ अर्थहीन आकडे दिसतात. एकेक किल्ली लावून बघणं आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की ही किल्ली ठेवायची कुठे?

यासाठी टीपीएम, म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल असतं. काही लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरची स्वतंत्र चिप असते, तर बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तेच काम प्रोसेसरच्या आतला एक भाग करतो. बिटलॉकरची मुख्य किल्ली टीपीएमच्या मदतीने बंद करून डिस्कवर ठेवलेली असते आणि ती फक्त तेच टीपीएम उघडू शकतं. त्यामुळे डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये टाकून उपयोग होत नाही.

टीपीएम ही किल्ली द्यायची की नाही, हे ठरवतं कसं? लॅपटॉप सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर पुढे काय चालवलं जाणार याची गणिती नोंद टीपीएमकडे जाते. आलेली नोंद जुन्या नोंदीत मिसळून नवी तयार होते. मधली नोंद खोडता किंवा बदलता येत नाही, आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावरच पाटी कोरी होते. शेवटची नोंद ठरलेल्या नोंदीशी जुळली तरच किल्ली बाहेर येते.

सिक्युअर बूट इथे कामाला येतं. मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, मान्य डिजिटल सही असलेलाच प्रोग्रॅम पुढे चालू देतं. डिस्कवरच्या माहितीला मात्र सिक्युअर बूट स्वतः हात लावत नाही. एन्क्रिप्शन नसेल तर चोर डिस्क काढून नेईल आणि सिक्युअर बूटला काहीच करता येणार नाही. त्याचा उपयोग दुसरा आहे. लॅपटॉप काही वेळ परक्या हातात गेला, तर सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड चोरणारी भर घालणं त्याने अवघड होतं. शिवाय सिक्युअर बूट चालू आहे का आणि कोणाची सही मान्य झाली, हे टीपीएमच्या सातव्या नोंदीत येतं, आणि बिटलॉकर सहसा त्याच नोंदीवर भिस्त ठेवतं. चोराने सिक्युअर बूट बंद केलं तर नोंद जुळत नाही आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

इथपर्यंत सगळं चोख वाटतं. पण चोराने काहीच बदललं नाही, नुसतं पॉवर बटण दाबलं तर? नोंदी जुळतात, टीपीएम किल्ली देतं आणि विंडोज लॉगिनच्या पडद्यापर्यंत येतं. चोराला पासवर्ड माहीत नसतो, पण तोवर किल्ली मशीनच्या मेमरीत पोहोचलेली असते.

या फटीतून काय होऊ शकतं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरक्षा संशोधक थॉमस रोथ यांनी दाखवलं. त्यांच्याकडच्या जुन्या लेनोवो लॅपटॉपमध्ये टीपीएम वेगळी चिप होती. चिपकडून प्रोसेसरकडे किल्ली उघड्या स्वरूपात जात होती. १० डॉलरपेक्षा कमी खर्चात, रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर बनवलेलं उपकरण त्यांनी मदरबोर्डवरच्या संपर्कबिंदूंना टेकवलं आणि ४३ सेकंदांत किल्ली मिळवली. टीपीएम प्रोसेसरच्या आत असेल तर ही वाट बंद होते, कारण ऐकायला उघडी तारच नसते.

दुसरी वाट मात्र उरते. डिसेंबर २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये थॉमस लॅम्बर्ट्झ यांनी एकही स्क्रू न उघडता किल्ली काढून दाखवली. त्यांनी विंडोजचा जुना, दोष असलेला बूट प्रोग्रॅम वापरला. त्यावर मायक्रोसॉफ्टची खरी सही होती, म्हणून सिक्युअर बूटने तो चालू दिला आणि टीपीएमची नोंदही जुळली. दोष असा, की काही परिस्थितीत तो किल्ली मेमरीतून पुसत नसे. मायक्रोसॉफ्टने नव्या आवृत्तीत तो दुरुस्त केला होता, पण जुन्या प्रोग्रॅमवरची सही बहुतेक मशीन अजून मान्यच करत होती.

दोन्ही हल्ल्यांना एकच अट लागते, ती म्हणजे टीपीएमने न विचारता किल्ली देणं. म्हणून विंडोज प्रोमध्ये सुरू होतानाच पिन मागण्याची सोय आहे. आधी ग्रुप पॉलिसीत सुरुवातीच्या जादा पडताळणीला परवानगी द्यावी लागते. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्यायची:

```
manage-bde -protectors -add C: -TPMAndPIN
```

योग्य पिन आल्याशिवाय टीपीएम किल्ली देत नाही, आणि चुकीचे पिन वारंवार टाकले की ते स्वतःला कुलूपबंद करून घेतं. त्यामुळे सहा अंकी पिनसुद्धा पुरेसा ठरतो.

सध्या काय स्थिती आहे ते असं बघता येतं:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात `Percentage Encrypted` पुढे १०० टक्के दिसलं, तरी `Protection Status` ची ओळ वाचायलाच हवी. तिथे `Protection Off` असेल तर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असूनही किल्ली तिच्यावरच उघडी पडलेली असते. कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवल्यासारखं हे आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन न केलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये हे आढळतं. पुढे `Key Protectors` खाली `TPM And PIN` दिसतं की नुसतं `TPM`, हेही पाहावं.

पिनलाही मर्यादा आहे. लॅपटॉप स्लीपमध्ये असेल, तर किल्ली मेमरीत तशीच असते आणि जागं होताना पिन विचारला जात नाही. मेमरी गार केल्यास वीज गेल्यावरही त्यातला मजकूर काही मिनिटं टिकतो, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं. म्हणून प्रवासात झाकण नुसतं मिटू नये. मशीन बंद करावं किंवा हायबरनेट करावं. हायबरनेटमधून परतताना पिन पुन्हा लागतो.

४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा ऑफिसच्या आयटी विभागाकडे असते. तिची छापील प्रत लॅपटॉपच्या बॅगेत ठेवली तर टीपीएम, पिन आणि सिक्युअर बूट तिन्ही वळसा घालून जाता येतात. चोरी झालीच, तर ऑफिसला कळवताना तीन गोष्टी सांगाव्यात. मशीन बंद होतं की स्लीपमध्ये, सुरू होताना पिन लागत होता का, आणि रिकव्हरी की सोबत गेली का. त्यांच्या उत्तरांवरून कळतं, की नुकसान लॅपटॉपच्या किमतीपुरतं आहे की आतल्या माहितीचंही.